मदत हवी आहे: तीन जिल्ह्यांचे एक्सक्लुझिव्ह हक्क मागायचे आहेत, विक्रीचा अंदाज कसा मांडू?

आवक_जावक

नळाला बसवायच्या पाण्याच्या फिल्टरची डिस्ट्रिब्युटरशिप 14 महिने चालवतो आहे. तीन जिल्हे आहेत, पण हक्क एकट्याचे नाहीत. त्याच भागात कंपनीचा आणखी एक डिस्ट्रिब्युटर आहे आणि आम्ही दोघे एकमेकांचे भाव पाडतो. आतापर्यंत 640 यंत्रं विकली. शेवटच्या सहा महिन्यांत महिन्याला साधारण 55 जातात. यादीत 42 डीलर आहेत. कार्ट्रिज दर सहा महिन्यांनी बदलावं लागतं, ती आतापर्यंत 190 गेली.

एक्सक्लुझिव्ह हक्कांचा विषय काढला तेव्हा कंपनीचे सेल्स मॅनेजर म्हणाले की तीन वर्षांचा फोरकास्ट आणि मार्केटिंग प्लॅन लेखी द्या, मग बोलू. पहिल्या वर्षी 1,200 यंत्रं, पुढे दरवर्षी 50 टक्के वाढ असं लिहून ठेवलं आहे. मार्केटिंगमध्ये बॅनर, माहितीपत्रकं, सोशल मीडिया आणि दोन डीलर मेळावे. एवढं पुरेल का? आकडा आणखी मोठा दाखवावा का? दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरचा उल्लेख करावा की टाळावा?

चढता_आलेख

आकडा मोठाच दाखवा, कंपनीला मोठा माणूस हवा असतो. पण किमान खरेदीची हमी अजिबात लिहून देऊ नका, अडकाल. आणि एकदा एक्सक्लुझिव्ह मिळालं की त्या भागात कंपनीलाही विकता येत नाही, त्यामुळे ऑनलाइनची चिंता करू नका.

मोजपट्टी

चढता_आलेख, हमी गळ्याशी येऊ शकते हे तुमचं खरं आहे. बाकी दोन्ही गोष्टींनी मात्र नुकसान होईल. हमी न घेता एक्सक्लुझिव्ह देणारी कंपनी क्वचितच भेटते, कारण हक्क देताना ती तिथले बाकीचे सगळे दरवाजे बंद करत असते. शिवाय एक्सक्लुझिव्ह या नुसत्या शब्दाने कंपनीची स्वतःची विक्री थांबेलच असं धरून चालू नका. ती थांबवायची असेल तर 'उत्पादक स्वतः किंवा इतर कोणामार्फत या भागात विक्री करणार नाही' असं वाक्यच करारात हवं. 'दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमणार नाही' एवढंच लिहिलं असेल तर कंपनीचा स्वतःचा माणूस उद्या तुमच्याच गावातल्या इस्पितळाला शंभर यंत्रं देऊन जाईल आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आवक_जावक, तुमचा 1,200 चा आकडा सध्या हवेत आहे. फोरकास्टमध्ये जे लिहाल तेच कंपनी पुढे किमान खरेदी म्हणून करारात टाकेल. म्हणून तो दुकानांपासून वर बांधत आणायचा असतो. आधी एक सांगा, 42 पैकी गेल्या 90 दिवसांत माल उचललेले किती?

आवक_जावक

बिलं काढून मोजलं. 28 निघाले. मला वाटलं होतं 35 तरी असतील.

मोजपट्टी

28 दुकानं, महिन्याला 55 नग, म्हणजे दुकानामागे जवळपास 2. या गतीने वर्षाला 28 × 2 × 12, म्हणजे 672. हा तुमचा पाया, नवं काहीही न करता होणारा.

आता नवी दुकानं. महिन्याला 3 जोडणार असाल तर वर्षात 36 होतील, पण सगळी टिकणार नाहीत. तुमच्याच यादीत 42 पैकी 28 टिकली, म्हणजे दोन तृतीयांश. तोच दर लावला तर 36 पैकी 24 चालू राहतील. ती एकदम पहिल्या महिन्यात येणार नाहीत, वर्षभर एकेक करत येतील, म्हणून वर्षाची सरासरी 12 धरा. नवं दुकान सुरुवातीला महिन्याला एकच यंत्र विकतं, मग दोनवर येतं. सरासरी दीड धरला तर 12 × 1.5 × 12 = 216. एकूण 888. तुमच्या 1,200 पासून हे बरंच लांब आहे, पण यातल्या प्रत्येक आकड्याला मागे बिल आहे.

कार्ट्रिजची ओळ वेगळी लिहा आणि तिचा पुरावा म्हणून उपयोग करा. तुम्ही डीलरला विकलं म्हणजे ग्राहकाच्या नळाला बसलंच असं होत नाही, आणि कंपनीला नेमकी हीच शंका असते की हा माणूस दुकानांत माल कोंबून आकडे दाखवतो आहे. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तुमची 640 वजा 330, म्हणजे 310 यंत्रं गेली होती. त्यांचं कार्ट्रिज एकदा तरी बदलायला झालेलं आहे आणि 190 कार्ट्रिज विकली गेली. म्हणजे साठेक टक्के यंत्रं खरोखर वापरात आहेत असा दावा तुम्ही करू शकता. अगदी पहिल्या यंत्रांचा दुसरा बदलही यात आला असेल, म्हणून 'साधारण' म्हणा, पण म्हणा जरूर.

घाऊकवाला

माझ्याकडे बिस्किटांची एजन्सी आहे आणि कंपनी मार्जिन वाढवत नाही. तुम्ही मार्जिन किती मागणार आहात? माझ्या मते एक्सक्लुझिव्हपेक्षा दीड टक्का जास्त मार्जिन मिळालं तर बरं.

आवक_जावक

घाऊकवाला, प्रश्न मार्जिनचा नाही हो, हक्कांचा आहे. दोघे भाव पाडत राहिलो तर वाढवून मिळालेलं मार्जिनही डीलरच्याच खिशात जाईल.

कारखाना_बाजू

अनेक वर्षं उत्पादकाच्या बाजूने असे अर्ज वाचतो आहे. मोजपट्टी यांचा हिशोब बरोबर आहे, पण आमच्या टेबलावर पहिला प्रश्न वेगळा असतो. आम्ही तुमचा 888 तुमच्या 672 शी ताडून पाहत नाही, आज त्या भागातून एकूण किती येतं त्याच्याशी पाहतो. दुसरा डिस्ट्रिब्युटर महिन्याला 30 नेत असेल तर आमची आजची बेरीज 85, वर्षाची 1,020. मग तुमचा 888 चा अर्ज मी असा वाचतो: 'मला हक्क द्या, तुमची विक्री 132 ने कमी करतो.' म्हणून दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरचा उल्लेख टाळायचा प्रश्नच नाही. त्याच्या विक्रीचं काय होणार, हा तर अर्जाचा मुख्य भाग.

त्याच्याबद्दल वाईट लिहू नका. त्याला कंपनीनेच नेमलं आहे, कदाचित मीच नेमलेलं असतं. त्याची किती दुकानं तुमच्याशी सामाईक आहेत, उरलेली तुम्ही कशी सांभाळाल आणि त्याच्या गोदामातला माल कोण घेईल, एवढं लिहा.

आणि डीलरची यादी खरी द्या. त्यातल्या तीन-चार दुकानांना आम्ही फोन करतोच.

आवक_जावक

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन दिवस फिरून माहिती काढली. त्याची महिन्याला 30 च्या आसपासच आहेत, साधारण 22 दुकानं. त्यातली 9 दुकानं दोघांकडूनही घेतात आणि त्याच्याकडून त्या नऊंत मिळून महिन्याला 12 नग जातात. उरलेल्या 13 दुकानांत 18.

सामाईक दुकानांतले 12 आपोआप माझ्याकडे येतील. 13 दुकानांतले निम्मे, म्हणजे 9 धरतो. महिन्याला 21, वर्षाला 252. 888 मध्ये मिळवले तर 1,140. म्हणजे 1,020 वर जवळपास 12 टक्के वाढ. आता पटेल का?

ताळेबंद

एक शंका. महिन्याला तीन नवी दुकानं जोडणार असं म्हणता, त्यात ही 13 दुकानं आहेत की नाहीत? तुमच्यासाठी ती नवीच आहेत. सेल्समन आधी तिकडेच जाईल, कारण तिथे हा फिल्टर आधीच विकला जातो आहे. मग तीच दुकानं तुम्ही दोनदा मोजली.

आवक_जावक

आहेत. बरोबर पकडलंत. 36 ची यादी करायला घेतली तेव्हा वरची बहुतेक नावं तीच होती. 9 काढले तर 888 अधिक 144, म्हणजे 1,032. कंपनीच्या 1,020 च्या वर फक्त 12 नग.

कारखाना_बाजू

आणि ही चूक आमच्याकडे सापडली असती तर बाकीचे आकडेही संशयात गेले असते.

मोजपट्टी

बरं झालं इथेच निघाली. आता सरळ बोलू. 1,032 च्या अंदाजावर कंपनी 1,020 च्या खालची हमी मान्य करणार नाही, आणि अंदाजाच्या 99 टक्के हमी लिहून देणं म्हणजे पहिल्या मंद तिमाहीत हक्क गमावणं. हमी अंदाजाच्या 80 ते 85 टक्क्यांत बसेल अशी जागा शोधा. तिन्ही जिल्हे एकदम मागायलाच हवेत का? दुसऱ्याची विक्री कुठे जमा झाली आहे ते जिल्ह्यागणिक पाहा.

चढता_आलेख

कमी मागितलं तर कमकुवत दिसाल. उलट 1,140 च ठेवा. दुकानं दोनदा मोजली हे कोणाला कळणार आहे?

ताळेबंद

करारावर सही केली की ते 108 नग तुमच्या गोदामात येऊन पडतात, तेव्हा कळतं. हमी भरायला वर्षाच्या शेवटच्या महिन्यात उचललेला माल लगेच दिसतो. त्या महिन्यात खरेदी दुप्पट, पुढच्या दोन महिन्यांत जवळपास शून्य. तोवर डीलरला जास्त उधारी देऊन तो ढकलावा लागतो, मग वसुली अडकते आणि नव्या खरेदीला पैसा उरत नाही. कार्ट्रिजच्या पाकिटावर वापराची मुदत छापलेली असेल तर ते आणखी वाईट.

आवक_जावक

जिल्ह्यागणिक काढलं. दोन जिल्ह्यांत माझी 40 जातात, त्याची फक्त 6. तिसऱ्यात माझी 15, त्याची 24. तो तिथलाच आहे.

दोन जिल्ह्यांचा हिशोब असा केला: चालू दुकानं 20, म्हणजे 20 × 2 × 12 = 480. महिन्याला 2 नवी, वर्षात 24, टिकणारी 16, सरासरी 8, म्हणजे 8 × 1.5 × 12 = 144. सामाईक दुकानांतून त्याचे महिन्याला 3 येतील, वर्षाला 36. एकूण 660. कंपनीची आजची बेरीज 46 × 12 = 552. त्याची जी दुकानं माझ्याकडे नाहीत ती नव्या 24 मध्येच धरली आहेत, वेगळी मोजली नाहीत.

मोजपट्टी

हा अर्ज उभा राहतो. वाढ जवळपास 20 टक्के आहे. पहिल्या वर्षाची हमी कंपनीच्या आजच्या आकड्याएवढी, 552 द्या. ती तुमच्या अंदाजाच्या 84 टक्के होते आणि कंपनीलाही सांगता येतं की तुमचं काहीच कमी होणार नाही. तिसऱ्या जिल्ह्यात दोघेही आहात तसे राहा. फक्त एक ओळ मागा, की तिथे एक्सक्लुझिव्ह द्यायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारावं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आत्ता 50 टक्के वाढ लिहू नका. दुसऱ्या वर्षाची हमी पहिल्या वर्षाच्या प्रत्यक्ष विक्रीवर ठरेल असं सुचवा.

हमीच्या कलमात तीन गोष्टी तुमच्या बाजूने हव्यात. पहिली, तुम्ही लेखी ऑर्डर दिली आणि कंपनीने वेळेत माल दिला नाही तर ते नग हमीत धरले जावेत. ऐन हंगामात कंपनीकडेच माल नसणं हे हमी चुकण्याचं एक मोठं कारण असतं. दुसरी, मोजणी तिमाहीची असली तरी बेरीज सुरुवातीपासूनची चालावी, म्हणजे एका चांगल्या तिमाहीने वाईट तिमाही भरून निघते. तिसरी, हमी चुकली तर भरून काढायला एक तिमाही मिळावी, आणि तरीही चुकली तर एक्सक्लुझिव्ह जावं, डिस्ट्रिब्युटरशिप जाऊ नये. ही तिसरी लोक विसरतात आणि सगळंच गमावतात.

उंबरा

भागाच्या व्याख्येबद्दल थोडं. 'अमुक जिल्हा' एवढं लिहून भागत नाही. विक्री कुठली धरायची, बिलाच्या पत्त्यावरून की माल पोचतो त्या पत्त्यावरून? दुकानांची साखळी बिल मुख्यालयात घेते आणि माल तुमच्या भागात उतरवते. माल पोचण्याचा पत्ता धरावा असं लिहून घ्या.

ऑनलाइन विक्री बहुतेक कंपन्या सोडत नाहीत. ती अडवण्यात ताकद घालवण्यापेक्षा एक प्रश्न सोडवा: ऑनलाइन घेतलेलं यंत्र तुमच्या भागात बिघडलं तर वॉरंटीची भेट कोण देणार आणि तिचे पैसे कोण देणार? दर भेटीचा ठरलेला मोबदला मागा. इस्पितळं, शाळा अशी मोठी खाती कंपनीने स्वतःकडे ठेवली तर त्यांची नावं आजच्या तारखेला जोडपत्रात यावीत. नाहीतर तुम्ही उभं केलेलं प्रत्येक मोठं गिऱ्हाईक उद्या 'कंपनीचं खातं' होतं.

बाहेरचा माल आत येतो का हे पाहायचं असेल तर खोक्यावरचा सिरियल नंबर बघा. कोणता नंबर कोणत्या डिस्ट्रिब्युटरला गेला याची नोंद कंपनीकडे असते. डीलरच्या फळीवर तुमच्या बिलात नसलेला नंबर दिसला की फोटो काढा आणि कंपनीला विचारा. पण 'माझ्या भागात इतर कोणी काहीही विकू नये' असं कलम मागू नका, काही ठिकाणी ते कायद्यात बसत नाही. युरोपीय संघाच्या 2022 च्या नियमांत, इतर वितरकांना तुमच्या भागात स्वतःहून गिऱ्हाईक शोधायला मनाई करता येते, पण गिऱ्हाईक स्वतःहून त्यांच्याकडे गेलं तर विक्री अडवता येत नाही. तुमच्याकडचा स्पर्धा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारूनच शब्द ठरवा.

आवक_जावक

आणि मार्केटिंग प्लॅन? बॅनर आणि मेळावे ठेवू ना?

कारखाना_बाजू

बॅनरची पानं आम्ही उलटत जातो. महिन्याला दोन नवी दुकानं कशी येणार, एवढंच दाखवा. समजा एका नव्या दुकानासाठी सहा-सात दुकानांत जावं लागतं आणि प्रत्येकात तीनदा. म्हणजे दोन दुकानांसाठी महिन्याला चाळीसेक भेटी. चालू 20 दुकानांना महिन्यातून दोन भेटी, त्या 40. एकूण 80. एक सेल्समन दिवसाला 8 भेटी करत असेल तर दहा दिवसांचं काम. उरलेल्या दिवसांत प्रात्यक्षिकं आणि वसुली. असं लिहिलंत की तुमच्याकडे माणूस आहे आणि त्याला वेळ आहे हे दिसतं. सहा-सातचं प्रमाण तुमच्या मागच्या भेटींच्या वहीतून काढा, माझं घेऊ नका. मग खर्च कोण किती उचलणार ते लिहा. प्रात्यक्षिकाची यंत्रं कंपनीकडून, माणूस आणि गाडी तुमची, अशी विभागणी चटकन मान्य होते.

उंबरा

प्रात्यक्षिकात टीडीएस मीटर नेत असाल तर आधी फिल्टर कोणता आहे ते पाहा. कार्बनचा किंवा यूएफचा असेल तर पाण्यात विरघळलेले क्षार तसेच राहतात, मीटरवर आधी 310 तर नंतरही 310 च्या आसपास. गिऱ्हाईक म्हणतं, यंत्र चालतच नाही. कार्बनच्या फिल्टरला क्लोरीन तपासायचे थेंब वापरा. ओटीओच्या थेंबांनी क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं, फिल्टरमधून आलेलं स्वच्छ राहतं. दोन ग्लास शेजारी ठेवले की पुरे. मात्र थेंब टाकलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.

आवक_जावक

आमचा कार्बनचाच आहे. आणि सेल्समन टीडीएस मीटरच नेतो आहे! आजच थांबवतो.

अर्जाचा पहिला परिच्छेद असा केला आहे:

"या दोन जिल्ह्यांतून कंपनीला आज दोन वितरकांमार्फत महिन्याला अंदाजे 46 यंत्रांची विक्री मिळते. एक्सक्लुझिव्ह हक्क मिळाल्यास पहिल्या वर्षी 660 यंत्रांचा अंदाज आहे आणि 552 यंत्रांच्या खरेदीची हमी देतो. दुकानागणिक हिशोब जोडपत्र 1 मध्ये, भेटींचं वेळापत्रक जोडपत्र 2 मध्ये आहे. दुसऱ्या वितरकाकडे या दोन जिल्ह्यांसाठी असलेला विक्रीयोग्य साठा त्याच्या खरेदी दराने घेण्याची तयारी आहे."

ताळेबंद

शेवटच्या वाक्याला मर्यादा घाला. किती नग, किती महिन्यांपूर्वी बनलेले आणि कार्ट्रिज धरून की सोडून. आणि महिन्याला 55 विकताना दीड महिन्याचा साठा ठेवायचा तर 80 च्या वर यंत्रं कायम गोदामात राहतील, डीलरची उधारी वेगळी. तेवढं खेळतं भांडवल आहे याचं बँकेचं पत्र जोडा.

कारखाना_बाजू

साठा घेण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. ते पहिल्या अर्जात लिहूच नका, कंपनीला विचारू द्या. तुम्ही आधीच देऊ केलंत की तो सौद्यातला तुमचा पत्ता उरत नाही.

मोजपट्टी

मी लिहिलं असतं. दुसऱ्याच्या अडकलेल्या मालाचं काय, याच प्रश्नावर असे अर्ज महिनोन्महिने पडून राहतात.

आवक_जावक

ताळेबंद यांची मर्यादा घालून वाक्य ठेवायचं की काढायचं, ते सेल्स मॅनेजरना फोनवर चाचपून ठरवतो. परवा भेट आहे. दुकानांची यादी आज पुन्हा एकदा बिलांशी ताडून घेतो.